मधोमध 25 यायला हवं होतं, येत होतं 27.19

कॉम्प्युटर मॉडेलमध्ये एका चौरस प्लेटच्या मधल्या बिंदूचं तापमान काढत होतो, आणि मेश, म्हणजे हिशोबासाठी प्लेटचे पाडलेले बारीक तुकडे, कितीही बारीक केली तरी आकडा 27.19 वरच येऊन थांबत होता. आमच्या टीममधला एक जुनियर सकाळपासून त्याच्याशी झुंजत होता आणि दुपारी लॅपटॉप उचलून माझ्याकडे आला, म्हणाला, "मॅडम, सॉल्व्हर नीट कन्व्हर्ज होतोय, मेश चौपट केली तरी उत्तर हलत नाही, म्हणजे 27.19 बरोबरच असणार ना?" मी म्हटलं, नाही, इथे 25 च यायला पाहिजे, पॉइंट एक नाही की दोन नाही, पूर्ण 25.

काम काय होतं ते आधी सांगते. धातूची पातळ आयताकृती प्लेट, वरची कड गरम, बाकी तीन कडा थंड पाण्याच्या चॅनलला चिकटलेल्या. स्थिर अवस्थेत, म्हणजे तापमान वेळेनुसार बदलायचं थांबल्यावर, प्लेटमध्ये कुठे किती तापमान असेल हे काढायचं. पाण्याचं तापमान 0 धरायचं, गरम कड 100. खरी प्लेट रुंदीच्या दुप्पट उंच होती, पण कुठलंही मॉडेल खऱ्या कामाला लावायच्या आधी ज्याचं उत्तर कागदावर काढता येतं अशा केसवर ते चालवून बघायचं असा माझा आग्रह असतो, म्हणून त्याला सांगितलं होतं की त्याच फाइलमध्ये उंचीचं पॅरामीटर बदलून प्लेट चौरस कर आणि मधल्या बिंदूचं तापमान मला दाखव.

चौरसात 25 का, तर चारही कडा 100 ला ठेवल्या तर सगळी प्लेट 100 होणार, त्यात गणित करायलाही काही नाही. आता ती केस चार केसेसची बेरीज आहे, प्रत्येकीत एकच कड गरम आणि उरलेल्या तीन थंड. चौरस फिरवला की या चारही केसेस एकमेकींवर बसतात, त्यामुळे मधल्या बिंदूला प्रत्येकीचा वाटा सारखा, म्हणजे 100 चा चौथा भाग. समीकरण रेषीय आहे म्हणून बेरीज चालते, एवढाच काय तो आधार.

पण नुसतं "25 च पाहिजे" म्हणून चूक कुठे आहे ते कळत नाही, तेव्हा आम्ही व्हाइटबोर्डवर पूर्ण सोडवायला घेतलं. स्थिर तापमानाला लागू होणारं लाप्लासचं समीकरण, त्यात तापमान u(x,y) = X(x)·Y(y) असं धरायचं, आत टाकून भागाकार केला की X''/X = −Y''/Y येतं, डावी बाजू फक्त x ची, उजवी फक्त y ची, म्हणजे दोन्ही एकाच स्थिरांकाइतक्या. तो ऋण घ्यायचा, −k², कारण डावी-उजवी कड दोन्ही शून्याला आहेत आणि X ला दोन्ही टोकांना शून्य व्हायचंय, घातांकी फलनांना ते जमत नाही, साइनला जमतं. रुंदी a असेल तर k = nπ/a. दोन अटी इथेच संपल्या.

मग Y उरतो, Y = A·cosh(ky) + B·sinh(ky). खालची कड y = 0 ला शून्य, तिथे cosh ची किंमत 1 असते म्हणून A जातो आणि फक्त sinh राहतो. तिसरी अट संपली. चौथी, गरम कडेची, ती फूरिये सिरीजने गुणांक देते. 100 हा स्थिर आकडा असल्यामुळे सम n चे गुणांक शून्य आणि विषम n चे 400/(nπ). चौरसात सगळं मिळून असं:

```
u(x,y) = Σ (n = 1,3,5,...)  400/(nπ) · sin(nπx/a) · sinh(nπy/a) / sinh(nπ)
```

मध्ये x = y = a/2 टाकलं की sinh चा भागाकार 1/(2·cosh(nπ/2)) होतो आणि तो इतक्या झपाट्याने खाली येतो की चार टर्म पुरतात. पहिली टर्म 25.372, n = 3 ची −0.381, n = 5 ची +0.010, n = 7 ची 0.0003 इतकी उणे. बेरीज 25.000. तो मुलगा कॅलक्युलेटरवर आकडे जमवत होता आणि शेवटी 25 आलेलं बघून त्याचा चेहरा एकदम बदलला, कारण आता 27.19 चुकीचं आहे हे त्याला माझ्या सांगण्यावरून मानावं लागत नव्हतं. (गरम कडेच्या अगदी जवळ, विशेषतः वरच्या कोपऱ्यांपाशी, हीच सिरीज फार हळू चालते, तिथे चार टर्मवर विसंबून चालत नाही. आत शिरलं की मात्र एकदम सोपी.)

तरीपण त्याचा एक मुद्दा होता आणि तो रास्तच होता. "मॅडम, पण मी सगळ्या कडा 100 ठेवून टेस्ट केलीय, सगळीकडे 100 च आलं." ही टेस्ट बरेच जण करतात आणि पास झाली की निर्धास्त होतात, आणि नेमकी इथेच ती काही सांगत नाही. समजा एखाद्या कडेची अट मॉडेलमध्ये लागलेलीच नाहीये. फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे मेशच्या तुकड्यांवर समीकरण सोडवायच्या या पद्धतीत, कडेला काहीच दिलं नाही तर ती कड रिकामी राहत नाही, कडेवरची जी संज्ञा समीकरणातून बाहेर येते ती गाळली जाते आणि त्याचा अर्थ आपोआप "इथून उष्णता जात नाही" असा होतो, म्हणजे कड इन्सुलेटेड. सॉल्व्हरसाठी हा व्यवस्थित मांडलेला प्रश्न असतो, तो एरर देत नाही, मुकाट्याने सोडवतो. आणि बाकी तीन कडा 100 आणि एक इन्सुलेटेड असली तरीही उत्तर सगळीकडे 100 च, कारण सपाट तापमानाला उतारच नसतो, तो इन्सुलेटेड कडेवरही बरोबर बसतो. त्याची टेस्ट पास झाली ती यामुळे. आणि मेश बारीक करून 27.19 हललं नाही तेही याचमुळे, सॉल्व्हर एका वेगळ्याच प्रश्नाचं अचूक उत्तर देत होता.

आता कुठली कड, हे फाइल न उघडता काढता येईल का असं मी त्याला विचारलं. त्याने मान हलवली, नाही. मला तो भाग सगळ्यात आवडतो म्हणून घाई न करता पुढे गेले.

खालची कड इन्सुलेटेड धरू. X मध्ये काहीच बदलत नाही, तेच साइन, तोच k. बदलतो फक्त Y, कारण आता y = 0 ला Y शून्य नको, त्याचा उतार शून्य हवा. sinh चा उतार तिथे शून्य नसतो, cosh चा असतो, म्हणून यावेळी B जातो आणि cosh राहतो. अख्ख्या सिरीजमध्ये बदल एवढाच, sinh च्या जागी cosh. मध्यावर पहिली टर्म 127.324 × 2.509 / 11.592, म्हणजे 27.560, पुढच्या टर्म आधीच्या इतक्याच, −0.381 आणि +0.010. बेरीज 27.19.

त्याने पुन्हा लॅपटॉपकडे बघितलं, पुन्हा बोर्डाकडे. मी म्हटलं थांब, बाजूची कड पण बघू, नाहीतर आपल्याला हवं ते जुळलं म्हणून थांबलो असं होईल. उजवी कड इन्सुलेटेड असेल तर X बदलतो, कारण आता एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला उतार शून्य. ते सोडवायची सोपी वाट म्हणजे त्या कडेत आरसा धरल्यासारखी प्लेट दुप्पट रुंद करायची आणि दोन्ही टोकांना शून्य ठेवायचं, k होतो nπ/(2a). बेरीज केली तर मध्यावर 36.4 येतं. फरक मोठा आहे, आणि डावी-उजवी सममितीने सारखीच. गरम कडच सुटली असती तर प्लेटला उष्णता देणारं कोणीच नाही, सगळीकडे 0. म्हणजे 27.19 येण्याचं एकच कारण उरलं, खालची कड.

मग अजून एक आकडा आधी कागदावर काढला, खालच्या कडेच्या मधोमध किती यायला हवं. cosh(0) = 1, म्हणून पहिली टर्म 127.324 / 11.592 = 10.984, n = 3 ची टर्म 0.007 ने कमी करते, म्हणजे 10.98. त्याला म्हटलं, आता तिथे प्रोब टाक. स्क्रीनवर 10.98 आलं. जी कड 0 ला बांधलेली असायला हवी तिच्या मध्यावर जवळजवळ 11 अंश, आणि एवढा वेळ रंगीत चित्रात ते कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, कारण 0 ते 100 च्या रंगपट्टीत 11 पण निळंच दिसतं.

फाइल उघडल्यावर कारण लगेच सापडलं. मध्यंतरी खालच्या कडेला बोल्टसाठी एक खाच काढली होती, नंतर ती खाच काढून टाकली, त्या फेरफारात कड नव्याने तयार झाली आणि तिला नवीन नंबर मिळाला. "bottom" नावाचा ग्रुप मात्र जुन्याच नंबरकडे बोट दाखवत होता, म्हणजे रिकामा. लॉगमध्ये त्याची वॉर्निंग होती, पण ढीगभर बाकीच्या वॉर्निंगमध्ये गाडली गेलेली. ग्रुप नीट लावला, पुन्हा चालवलं, 25.00.

इथपर्यंत आल्यावर त्याने जो प्रश्न विचारला तो फार चांगला होता. "मॅडम, खऱ्या प्लेटवर हे कळलं असतं का?" उंची रुंदीच्या दुप्पट असताना तेच दोन हिशोब केले. खालची कड थंड असेल तर मधल्या बिंदूला 5.49, इन्सुलेटेड असेल तर 5.51. फरक 0.02 अंश! प्रत्येक टर्म कडेपासून आत जाताना घातांकी वेगाने मरते, त्यामुळे प्लेट उंच झाली की वरून येणारी उष्णता बाजूच्या कडाच वाटेत ओढून घेतात आणि खालची कड कशी आहे याची मध्याला जवळपास खबरच लागत नाही. खालच्या कडेवरसुद्धा फक्त 0.48 अंश दिसलं असतं. मेशच्या नावावर खपून गेलं असतं ते, आणि पुढच्या टप्प्यात गरम कड वरून खाली न्यायची होती, तेव्हा त्या ग्रुपला 100 दिलं असतं आणि अख्खी प्लेट 0 आली असती किंवा, अजून वाईट, हीटर खालच्या कडेच्या जरा वर बसवला असता तर आकडे पटण्यासारखे दिसले असते आणि तरी चुकीचे निघाले असते.

म्हणून आता आम्ही मध्यबिंदूबरोबर प्रत्येक थंड कडेच्या मधोमध एक प्रोब ठेवतो आणि प्रत्येक कडेतून बाहेर जाणारी उष्णता वेगळी छापून घेतो, शून्य आली की ती कड सुटलेली. गरम कडेची उष्णता त्या ताळ्यात धरत नाही, कारण वरच्या कोपऱ्यात 100 आणि 0 एकमेकांना भिडतात, तिथला उतार अमर्याद होतो आणि मेश जितकी बारीक कराल तितका तो आकडा वाढतच जातो. शिवाय टेस्टमध्ये एक-एक कड आळीपाळीने गरम करून चारही वेळा 25 येतं का ते बघतो. चार रन, प्रत्येक काही सेकंदांचा. ते स्क्रिप्ट त्या मुलानेच त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी लिहून टाकलं.