आमची वाटचाल: कुपवाडचं शेड, अण्णांचं लेथ आणि बाहेरची वॉल

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटंसं शेड आहे. अर्ध्या भागात अण्णांचं जुनं लेथ आणि उरलेल्या अर्ध्यात माझे चार थ्रीडी प्रिंटर. अण्णा म्हणजे माझे वडील, उभं आयुष्य टर्नर म्हणून गेलं. मी २०१९ ला पहिला प्रिंटर आणला तेव्हा त्यांनी त्यावर निघालेला पहिला तुकडा हातात घेतला, मायक्रोमीटर लावला आणि एवढंच विचारलं, "हे मापात येतंय का रे?" पुढची दोन-तीन वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच घालवली म्हटलं तरी चालेल.

सुरुवातीला शोभेच्या वस्तू, नावाच्या पाट्या असलं काम होतं, तिथं माप कोण बघतंय. खरं काम सुरू झालं ते आजूबाजूच्या मशीनशॉपवाल्यांनी चेकिंगसाठी प्लग मागायला लागल्यावर. एका गिऱ्हाईकाकडं कास्टिंगचं बोअर ४०.०० ते ४०.०२ मिमी असायचं आणि त्यात हाताने सहज जाईल असा प्लग हवा होता, ड्रॉइंगला ३९.९०. काळ्या पेटजी प्लास्टिकमध्ये मी १२ नग काढून दिले, दुसऱ्याच दिवशी सगळे परत, एकही आत जाईना. त्यांच्या ऑपरेटरनं बिचाऱ्यानं दोन नग पॉलिश पेपरवर घासून बसवायचा प्रयत्न केला होता, ते बघून मला फार वाईट वाटलं.

अण्णांनी मधल्या उंचीवर माप घेतलं तर ४०.०४. बुडाशी तर त्याहून जास्त, पण तिथं पहिला थर दाबून बसतो म्हणून पाय सुटतो, ते माप धरायचंच नाही. म्हणजे व्यासावर ०.१४ जास्त, एका बाजूला ०.०७. मला वाटलं बेल्ट किंवा मोटरच्या स्टेप्सची गडबड असेल, म्हणून २०, ४० आणि ६० मिमीचे तीन गोल काढले. स्केलची चूक असती तर ६० ला २० च्या तिप्पट फरक आला असता, पण तिन्हींना तोच ०.१३-०.१४! फरक सगळ्या मापांना सारखाच येतो म्हणजे मशीनची चाल बरोबर आहे, भिंतच बाहेर फुगतेय. ही खूण तेव्हापासून मी कधी विसरलो नाही, कुणाचाही प्रिंटर मापाला चुकला की आधी हे तीन गोल काढायला सांगतो.

भिंत का फुगते ते कळायला मला वेळ लागला. नोझलमधून पडणारी माझी प्लास्टिकची लाइन ०.४२ रुंद आणि थर ०.२ चा. भिंत अशा दोन-तीन लाइन शेजारी टाकून होते, त्या प्रत्येक लाइनला वॉल म्हणतात. स्लायसर, म्हणजे ड्रॉइंगवरून नोझलचा रस्ता आखणारं सॉफ्टवेअर, दोन लाइन शेजारी टाकताना त्यांच्या मध्यात पूर्ण ०.४२ अंतर ठेवत नाही, साधारण ०.३८ ठेवतो, कारण लाइनच्या कडा गोल असतात आणि मधली खाच भरायला थोडं एकमेकांवर चढावं लागतं. आता आतली वॉल आधी पडली आणि माझा फ्लो, म्हणजे नोझलमधून सुटणारं प्लास्टिक, थोडा जरी जास्त असला तर ती वॉल जरा बाहेर सरकून गार झालेली असते. मग बाहेरची लाइन येते, आतल्या बाजूला जागा नाही, जास्तीचं प्लास्टिक जाणार कुठं, मोकळ्या बाजूला, म्हणजे बाहेर. आणि आमच्या सगळ्या प्रोफाइलला तेव्हा `Inner/Outer` होतं, म्हणजे आतली वॉल आधी आणि बाहेरची नंतर.

अण्णांना हे सांगितलं तर ते पटकन म्हणाले, "पण फिनिश कट शेवटीच घेतात की." लेथवर बरोबरच आहे ते, तिथं आपण माल काढतो, शेवटचा कट माप ठरवतो. प्रिंटरवर माल चढतो, त्यामुळं शेवटी येणाऱ्याला आधीच्या सगळ्यांचा धक्का खावा लागतो. मग त्यांनीच गवंड्याचं उदाहरण काढलं, गवंडी दोरी बाहेरच्या तोंडाला लावतो, दर्शनी वीट आधी दोरीला धरून बसवतो आणि मागचा भराव नंतर. मी म्हटलं अण्णा, हेच तर!

`Outer/Inner` करून तोच प्लग काढला, दुसरं काहीही बदललं नाही. ३९.९३ आला. बाहेरची लाइन मोकळ्या जागेत पडते, दोन्ही बाजूंना सारखी पसरते आणि जास्तीचं प्लास्टिक आतल्या वॉलला पोटात घ्यावं लागतं. त्याआधी मी स्लायसरमध्ये एका बाजूला ०.०७ ची वजाबाकी टाकून बघितली होती, माप आलं, पण प्लास्टिकचा रोल बदलला की परत हललं, ४०.०४ च्या जागी कधी ४०.०० तर कधी ४०.०६ अशी जी उडी आधी होती तीच उडी ०.१४ खाली सरकली एवढंच. बाहेरची वॉल आधी घेतल्यावर तीच उडी ३९.९२ ते ३९.९५ एवढ्यावर आली. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, फ्लो जास्त होता ही मूळ चूक तशीच होती, फक्त दिसेनाशी झाली होती. नंतर फ्लो ०.९८ वरून ०.९६ केला तेव्हा वरच्या सपाट भागावरचे उंचवटेही गेले.

फिनिशमध्येही फरक दिसला, उभ्या भिंतीवर बोट फिरवलं की आधी आतल्या भरावाच्या रेषा जाणवायच्या त्या बंद झाल्या. पण सीम, म्हणजे बाहेरची लाइन जिथं सुरू होऊन संपते तो सांधा, मात्र बिघडला. नोझल लांबून हवेतून येऊन थेट बाहेरच्या लाइनला सुरुवात करतं, आतला दाब तयार झालेला नसतो, मग सुरुवातीला बारीक खड्डा नाहीतर टिंब. आतली आधी असली की नोझल आधीच वाहतं असतं. प्लगला मी मागच्या बाजूनं एक बारीक उभी खाच दिली आणि सीम तिच्यात टाकला, बोअरला लागायचा प्रश्नच मिटला.

आणि मग मोठी चूक झाली. तेच सेटिंग डोक्यात बसलं आणि ग्राइंडरच्या धूळ ओढायच्या हुडलाही तेच ठेवलं. हुडचा तळ ६० अंशात बाहेर झुकलेला. सकाळी येऊन बघतो तर खालून शेवयांसारखे धागे लोंबतायत, नऊ तासांचं काम गेलं. हिशोब साधा आहे, उभ्यापासून ६० अंश झुकलं की ०.२ च्या थराला लाइन ०.३५ बाहेर सरकते, ०.४२ पैकी जेमतेम ०.०७ खालच्या थरावर टेकते. आतली वॉल आधी असती तर बाहेरच्या लाइनला शेजारून चिकटायला काहीतरी मिळालं असतं, इथं ती हवेतच. ४५ अंशाला निम्मी लाइन टेकते म्हणून निभावतं, त्यापुढं नाही.

आता आमच्याकडं कामाप्रमाणं दोन प्रोफाइल आहेत. उभ्या भिंतीचे प्लग, गेज, बेअरिंगची बैठक यांना तीन वॉल आणि `Inner/Outer/Inner`. यात सगळ्यात आतली तिसरी वॉल आधी, मग बाहेरची, आणि मधली शेवटी, त्यामुळं बाहेरच्या लाइनला धक्का लागत नाही आणि नोझलही आधीच वाहतं झालेलं असतं, सीम `Outer/Inner` पेक्षा बराच साफ येतो. दोनच वॉल असल्या तर याचा उपयोग नाही, तिसरी पाहिजेच. आणि झुकलेलं काही असलं की सरळ `Inner/Outer`, माप लागणारच असेल तर सोबत `Precise wall`, ज्यात बाहेरच्या आणि शेजारच्या लाइनमधलं चढणं स्लायसर काढून टाकतो.

६०८ बेअरिंगच्या २२ मिमीच्या बैठकीला मात्र अजून मी ड्रॉइंगमध्ये थोडं वाढवूनच भोक देतो, कारण बारीक गोलात प्लास्टिक आतल्या बाजूला ओढलं जातं आणि वॉलचा क्रम बदलून ते पूर्ण जात नाही. त्या गिऱ्हाईकाचे प्लग आता दर महिन्याला जातात, पॅक करायच्या आधी प्रत्येकाला अण्णा स्वतः मायक्रोमीटर लावतात आणि वहीत रोलच्या नंबरापुढं माप लिहितात.