ताईंचं ‘बरं.’

१८ तारीख, रात्री पावणेअकरा

नुसतं ‘बरं.’ आणि पुढे पूर्णविराम. ताई कधी पूर्णविराम देत नाहीत. त्यांचे मेसेज म्हणजे एका दमात बोललेलं वाक्य, शेवटी दोन फुलं नाहीतर हात जोडलेले. आज फुलं नाहीत. सव्वादहापासून ते ‘बरं.’ बघत बसले आहे.

सुरुवात त्यांनीच केली होती, आमच्या अकाउंट्समधल्या तिसरीबद्दल. ‘आज पण साडेपाचला गेली. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न दोन दिवसांवर आलंय आणि हिला काही नाही. घरी काहीतरी बिनसलंय म्हणे, नवऱ्याचं. तुझ्याशी बोलते ना ती? काही म्हणाली का’

मेसेज वाचला गेला, निळ्या खुणा उमटल्या. आता गप्प बसले तरी ते उत्तरच होतं.

बोलते ती माझ्याशी. मागच्या आठवड्यात जिन्यात उभी राहून बोलली. काय बोलली ते इथेही लिहिणार नाही.

आधी ‘हो ना’ टाइप केलं. हात सवयीने तिकडेच जातो. समोर बसून ‘हो ना’ म्हटलं तर ते हवेत विरतं, चॅटमध्ये मात्र तिच्या नवऱ्याच्या विषयाखाली माझं ‘हो ना’ कायमचं राहणार. उद्या कोणी स्क्रीनशॉट काढला तर त्यात माझी मान डोललेलीच दिसेल. डिलीट केलं तरी डिलीट केल्याची खूण राहते आणि तिचाही अर्थ काढला जातो. पुसलं. मग ‘कोण म्हणालं?’ लिहिलं. तेही पुसलं, कारण तो प्रश्न दिसायला साधा, पण त्याचा अर्थ ‘पुढे सांगा’ असाच होतो.

‘ताई, तिच्यामागे आपण बोलायला नको’ हे तर बोट सेंडवर टेकेपर्यंत आलं होतं. पण ज्या बाईने मला पहिल्या महिन्यात शेजारी बसवून व्हाउचर कसं लावायचं ते शिकवलं, तिला मी रात्री पावणेदहाला वागणूक शिकवू? त्यात ‘आपण’ घातल्याने काही मऊ होत नाही. बोलल्या त्या, आणि ‘आपण’ म्हणून मी त्यांनाच दटावलं असतं.

‘मला काही माहीत नाही’ हे सगळ्यात सोपं होतं आणि खोटं होतं. मला माहीत होतं हे कधीतरी कळलंच असतं. मग ताईंना वाटलं असतं, हिने आपल्याला परकं मानलं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी ज्या वाक्यावर अडले, ते दिसायला सगळ्यात चांगलं होतं. ‘ताई, तिचं खरंच अवघड चाललंय, जरा सांभाळून घ्या.’ किती प्रेमाचं! पाठवणारच होते. मग लक्षात आलं की ताईंकडे आत्तापर्यंत फक्त एक ‘म्हणे’ आहे आणि या एका वाक्याने मी त्यावर शिक्का मारते आहे. ‘खरंच’ म्हटलं की मला माहीत आहे हे कळलं, ‘अवघड’ म्हटलं की ऐकलेलं खरं आहे हे कळलं. तिची बाजू घ्यायला गेले आणि तिचंच सांगून बसले असते. मन बाजूने असलं म्हणजे तोंड सुटलं तरी चालतं, असं मला आजवर वाटत आलं होतं की काय?

शेवटी ताईंचा मेसेज पुन्हा वाचला. या वेळी नवऱ्याचं वगळून. उरलं ते हे: साडेपाचला गेली, थ्री-बी दोन दिवसांवर. म्हणजे जुळवणी ताईंच्या अंगावर पडली होती. १४ तारखेला टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आली, त्यातले कराचे क्रेडिट आपल्या खरेदीच्या रजिस्टरशी ताडून २० च्या आत थ्री-बी भरायचं, आणि न जुळलेल्या पार्ट्यांमागे त्या एकट्या लागल्या होत्या. दिवसभर मान मोडून काम केलं आणि रात्री राग कुठे काढावा कळेना, तेव्हा त्यांनी मला लिहिलं.

पाठवलं ते असं: ‘घरचं तिचं तीच सांगेल ताई, मी विचारलं नाही. पण टू-बीचं सगळं तुमच्याकडेच आलंय का? किती पार्ट्या राहिल्यात? उद्या मी साडेआठला येते, अर्ध्या मला द्या.’

आणि त्यावर ‘बरं.’

तुटक वाटलं असेल का? पहिलं वाक्य शेवटी घालायला हवं होतं का? आधी त्यांच्या कामाचं विचारलं असतं तर ते दारावरून परत पाठवल्यासारखं लागलं नसतं. आणि ‘मी विचारलं नाही’ हे खरं आहे, मी विचारलं नव्हतंच, ती आपण होऊन बोलली. पण त्या खरेपणाचं मला आत्ता बरं वाटत नाहीये. जाऊ दे ते.

माझ्याच वाट्याला का येतं हे? दोघींच्या मधलं टेबल माझं, म्हणून दोघींचं सगळं माझ्यावरूनच जायचं. कोणाला माझं कधी विचारावंसं वाटतं?

१९ तारीख, रात्री

साडेआठला पोचले तर ताई आधीच येऊन बसलेल्या. यादी छापून ठेवली होती, अकरा पार्ट्या, त्यातल्या पाचांवर पेन्सिलने माझं नाव. कालचा विषय नाही. मी ‘काल’ एवढं म्हटलं, तर म्हणाल्या, ‘आधी ही पॅकिंगवाल्याची बघ.’

त्याचं १,२०,००० चं बिल, १८ टक्क्यांनी २१,६०० चं क्रेडिट आमच्या रजिस्टरमध्ये आहे, टू-बीत नाही. ताईंच्या मते ते तिनेच सोडलं होतं. फाइल उघडली तर बिलाच्या कोपऱ्यात तिचं बारीक अक्षर: दोनदा फोन केला, ११ च्या आत रिटर्न भरतो म्हणाला. त्याने भरलंच नव्हतं. त्यात तिचा काय दोष? क्रेडिट आता तो भरेल त्यानंतरच्या टू-बीत येईल, या थ्री-बीत घ्यायचं नाही. ताईंनी चष्मा वर करून ते अक्षर वाचलं, फाइल माझ्याकडे सरकवली आणि पुढची पार्टी घेतली.

पण दोन बिलं खरोखर तिच्याकडून चुकली होती. एकात नंबर चुकीचा चढवला होता, दुसरं दोनदा. तेव्हा मी सावरून घ्यायला गेले नाही. ‘हो, हे चुकलंय, सांगू तिला,’ म्हटलं. चूक सांगायला मला अवघड गेलं नाही. ती टेबलावर होती आणि दोघींनाही दिसत होती.

अकराला ताईंनी डबा उघडला, अर्धं थालीपीठ माझ्या झाकणात ठेवलं. ‘बरं.’चं कोडं सुटलं नाही. दमून लिहिलं असेल. रागावून लिहिलं असेल, आणि सकाळपर्यंत तो राग उतरला असेल. विचारणार नाही. एखाद्या ‘बरं.’खाली रात्रभर झोपता येतं, एवढं काल कळलं.

आत्ता तिचा मेसेज आलाय. ‘ताई चिडल्यात का माझ्यावर? तुला काही बोलल्या का’

या वेळी कामाचं आधी लिहिलं. ‘अकरापैकी नऊ झाल्या. तुझी दोन बिलं चुकलीयेत, सकाळी ताईंबरोबर बसून करून टाक, त्या अकराला डबा उघडतात तेव्हा निवांत असतात. बाकी त्यांचं त्यांनाच विचार.’

टायपिंग दिसतंय. थांबलं. पुन्हा दिसतंय.