जाताना ९०० मीटर, येताना २.३ किलोमीटर

संध्याकाळी व्हॅनवाले काका ऑफिसात आले आणि त्यांनी वहीच माझ्यापुढे ठेवली. "ताई, तुमचा रूट म्हणतोय २१.४, गाडीचं मीटर म्हणतंय २५. तीन दिवस हेच चाललंय. आणि फर्ग्युसन रस्त्यावर आधी पुढचं दुकान करून मग मागच्याला का यायचं?"

मार्केट यार्डाजवळच्या गोदामातून पुण्यातल्या १२ औषध दुकानांना माल पोचवायचा आणि परत यायचं, एवढं काम. दुकानांचा क्रम माझा प्रोग्राम ठरवायचा. पहिल्या आवृत्तीत मी दोन ठिकाणांमधलं सरळ रेषेतलं अंतर धरलं होतं. मध्ये मुठा नदी असली की ते अंतर कुचकामी ठरतं, कारण समोर दिसणाऱ्या दुकानासाठीसुद्धा पूल गाठावा लागतो. म्हणून मी नकाशावरून रस्त्याने अंतर काढणारं ओएसआरएम बसवलं आणि गोदाम धरून १३ ठिकाणांचा १३ बाय १३ असा अंतरांचा तक्ता मिळवला. क्रम सुधारणारा जुना कोड मात्र तसाच राहू दिला. चूक तिथेच होती, पण त्या संध्याकाळी मला ते माहीत नव्हतं.

काका दारात उभे असतानाच मी प्रोग्रामने दिलेला क्रम घेतला आणि तक्त्यातली तेरा अंतरं एकेक करून बेरजेला लावली. उत्तर आलं २४.१. म्हणजे मीटर जवळपास बरोबर होतं. उरलेला किलोमीटरभर गाडी लावायला जागा शोधण्यात गेला असणार. पण प्रोग्रामला स्वतःचाच तक्ता नीट बेरजेला लावता येत नव्हता.

त्याची पद्धत होती टू-ऑप्ट. आधी जवळचं-जवळचं दुकान घेत एक कच्चा फेरा बांधायचा, मग फेऱ्यातला एखादा तुकडा उलटा करून बघायचा. अंतर कमी झालं तर बदल ठेवायचा. दर वेळी सगळी बेरीज नको म्हणून फक्त तुकड्याच्या टोकांचा फरक मोजतात आणि तो आधीच्या बेरजेतून वजा करतात. `D` म्हणजे अंतरांचा तक्ता, उलटायचा तुकडा `b` ते `c`, त्याच्या आधीचं ठिकाण `a` आणि नंतरचं `d`:

```python
gain = D[a][b] + D[c][d] - D[a][c] - D[b][d]
```

काकांनी बोट ठेवलेल्या दुकानांवरच हे करून पाहिलं. `a` ते `b` १.२ किलोमीटर, `b` ते `c` ०.९, `c` ते `d` १.६, एकूण ३.७. मधली जोडी उलटी केली तर `a` ते `c` १.०, `b` ते `d` १.३. सूत्र सांगतं, अर्धा किलोमीटर वाचला. पण `b` आणि `c` दोन्ही फर्ग्युसन रस्त्यावर, आणि तो रस्ता एकेरी. `c` वरून `b` ला यायचं तर जंगली महाराज रस्त्याने वळसा घालून यावं लागतं: २.३ किलोमीटर. खरी बेरीज ४.६. अर्धा किलोमीटर वाचला म्हणता म्हणता फेरा प्रत्यक्षात ०.९ किलोमीटरने वाढला होता.

सरळ रेषेत जाणं-येणं सारखंच असतं, त्यामुळे तुकडा उलटला तरी त्याच्या आतलं अंतर बदलत नाही आणि ते मोजायची गरज पडत नाही. रस्त्याच्या तक्त्यात ही सवलत संपते. मग मी प्रत्येक जोडीचं जाण्याचं आणि येण्याचं अंतर शेजारी-शेजारी छापलं. एकेरी रस्ते आणि दुभाजक यांच्या जागा त्या फरकांतून स्वच्छ दिसत होत्या. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तक्ता हातात आल्याबरोबर मी ती करायला हवी होती.

सूत्रात मधल्या तुकड्याची उलटी अंतरं घालून काम भागलं असतं. पण १२ दुकानांना अंदाजी पद्धत हवी कशाला, असा विचार आला. सगळे क्रम तपासायचे तर ते ४७.९ कोटी. हेल्ड आणि कार्प यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मात्र क्रम लक्षात ठेवतच नाहीत. कोणती दुकानं झाली आणि शेवटचं कोणतं, एवढ्यासाठी आतापर्यंतचं सर्वांत कमी अंतर लिहून ठेवतात. मग आकडेमोड सहा लाखांच्या आत उरते. तक्ता दोन्ही दिशांना वेगळा असला तरी तिला फरक पडत नाही, आणि येणारं उत्तर त्या तक्त्यापुरतं नक्की सर्वांत लहान असतं. मला ही पद्धत फार सुंदर वाटते.

रात्री ती लिहून चालवली. उत्तर आलं २०.८, आणि या वेळी हाताने केलेली बेरीजही तेवढीच. दुसऱ्या दिवशी काकांच्या वहीत २१.६ होतं.

दुसऱ्या व्हॅनला २६ दुकानं आहेत. तिथे हीच पद्धत १७४ कोटी नोंदी मागते, त्या आमच्या मशीनच्या मेमरीत मावत नाहीत. तिच्यासाठी सध्या ऑर-ऑप्ट लावलं आहे: एक ते तीन दुकानांचा तुकडा उचलायचा आणि न उलटता दुसरीकडे बसवायचा. ते सर्वांत लहान फेरा देईलच अशी खात्री नाही. म्हणून शेवटी तक्त्यावरून पूर्ण बेरीज पुन्हा होते, आणि ती जुळली नाही तर रूट छापलाच जात नाही.