चार ओळींची चिठ्ठी

वसुबारसेच्या आदल्या दुपारी अ‍ॅडमिनच्या मुलाने माझ्या टेबलावर मिठाईची अकरा खोकी आणून रचली. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. प्रत्येकावर दोन-दोन ओळी खरडून द्या ना, थँक्यूच्या." हाउसकीपिंगच्या सहा जणी, पँट्रीतले दोघं, गेटवरचे तिघं. खोकी बघितली आणि आधी उचलून बघितली. आमच्याकडे वाटलेल्या खोक्यापेक्षा ही हलकी होती. मी काही बोलले नाही, पण त्या मुलाच्या लक्षात आलं. "ती पावशेराची आहेत," तो म्हणाला, आणि मोबाईल बघत निघून गेला.

दोन ओळी म्हणजे पाच मिनिटांचं काम. मी पहिली ओळ लिहिली: "आपल्या अथक परिश्रमांबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत." वाचली तर शाळेच्या गॅदरिंगला शेवटी कोणीतरी माइक पकडून आभारप्रदर्शन करतंय असं वाटलं. फाडली. मग "आमच्याकडून एक छोटीशी भेट, गोड मानून घ्यावी." यातलं 'गोड मानून घ्यावी' हे घरच्या पत्रात किती छान वाटतं, पण इथे ते पावशेराच्या खोक्यावर बसणार होतं. आपणच कमी द्यायचं आणि गोड त्यांनी मानून घ्यायचं. तिसरा प्रयत्न, "तुम्ही आमच्या कुटुंबाचाच भाग आहात." हे मी लिहून पूर्णही केलं नाही. कुटुंबातल्या माणसाची पिशवी घरातून निघताना कोणी उघडून बघतं का?

आमच्याकडे बघतात. म्हणजे माझी नाही, त्यांची. संध्याकाळी शिफ्ट सुटली की हाउसकीपिंगच्या बायका गेटवर रांगेत उभ्या राहतात, पिशवीचं तोंड उघडून दाखवतात आणि मग जातात. मागच्या दिवाळीत त्यांच्यातल्या एकीच्या पिशवीत मिठाईचं खोकं निघालं. खोकं आमच्याच ऑफिसचं, तिला दुपारी आमच्याच कोणीतरी हातात दिलेलं. पण गेटवर नवीन माणूस होता, त्याच्या यादीत ते नव्हतं. तिला परत वर पाठवलं. अ‍ॅडमिनची सगळी मंडळी घरी गेलेली. शेवटी मी खाली जाऊन सांगितलं, की हो, दिलंय. तिने त्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तिचं बरोबरच होतं. बाकीच्या पाच जणी तिच्यासाठी थांबल्या होत्या. एसटी चुकेल म्हणून त्यातली एक सारखी घड्याळ बघत होती.

आई चार दिवस आधीपासून फराळ करायची. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी शेजारी ताटं निघायची. ताटावर क्रोशाचा रुमाल, आणि ते नेऊन देण्याचं काम माझं. ताट परत येताना रिकामं येत नसे. कुणाची शेव आपल्यापेक्षा बारीक, कुणाच्या करंजीला चांगली घडी, यावर मग घरात दोन दिवस चर्चा. भांडी घासायला येणाऱ्या काकूंना मात्र ताट नसे. त्यांना वर्तमानपत्राची पुडी. आणि त्या पुडीत डब्याच्या तळाला उरलेल्या, मोडलेल्या चकल्या. आई वाईट नव्हती हो. तिच्या हिशेबी चकली ती चकलीच, मोडली म्हणून चव बदलत नाही. पण मी ती पुडी काकूंना दिली तेव्हा त्यांनी ती उघडून बघितली नाही. हाताने नुसती चाचपली आणि पिशवीत टाकली. मोडलेल्या चकलीचा आवाज वेगळा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुडीला ताट नाही, म्हणजे परत काही यायची सोयही नाही.

पोस्टमन आणि दूधवाला यांचं निराळं. ते दारात येऊन "दिवाळीची पोस्त" असं सरळ म्हणायचे. बाबा थोडे कुरकुरायचे, पैसे द्यायचे, आणि पोस्टमन ते मोजून खिशात ठेवायचा. थोडे वाटले तर "साहेब, गेल्या वर्षी जास्त होते" असंही म्हणायचा. पोस्त हा शब्द हल्ली ऐकूच येत नाही. त्यात मागणाऱ्याचा आवाज चढा असायचा आणि देणाऱ्याचा पडेल. आता मागायचं बंद झालं, म्हणून आपण आभार मानायला लागलो की काय कोण जाणे.

असो. चिठ्ठी.

मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे मला एक खोड आहे, गोड बोलण्याआधी बिल बघायचं. ही अकरा माणसं कंत्राटदाराची. त्याचं महिन्याचं बिल येतं त्यात मूळ पगार, पीएफ, ईएसआय, रजा अशा ओळी असतात, आणि त्यातच एक ओळ बोनसची, ८.३३ टक्के. कायद्याने ठरवलेला हा किमान आकडा. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. आम्ही तो दर महिन्याला कंत्राटदाराला देतो. तो त्याच्याकडे साठतो आणि दिवाळीला पुढे जायचा असतो. जातो की नाही हे कळायचा एकच मार्ग, बँकेत जमा झाल्याची यादी मागायची आणि आपल्याकडच्या हजेरीशी ताडून बघायची. मी मागितली. अकरांपैकी दहा नावं होती. अकरावी बाई जूनमध्ये लागलेली. "नवीन आहे मॅडम," कंत्राटदार फोनवर म्हणाला. वर्षात तीस दिवस काम भरलं की त्या प्रमाणात बोनस मिळतो, मी म्हटलं, आणि बिलात तिच्या नावावर तुम्ही जूनपासून लावलाच आहे. तो थोडा वेळ गप्प बसला. दोन दिवसांनी अकरावी नोंद आली. ती आली तेव्हाच मी पेन पुन्हा हातात घेतलं. बोनस अडकवून खोक्यावर 'आभार' लिहिणं मला जमलं नसतं.

खोक्यांचंही केलं. अ‍ॅडमिनला म्हटलं, आमची शिल्लक पडलेली खोकी आहेत ना, तीच द्या. ती निघाली सात. चार आणखी मागवली. मागवताना म्हटलं, पेढे-बर्फी नको. यातल्या निम्म्या जणी रात्रीच्या एसटीने लातूर-नांदेडकडे निघतात, आणि खव्याची मिठाई गावी पोचून पाहुण्यांपुढे येईपर्यंत टिकत नाही. २०२० पासून दुकानात सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा 'या तारखेपर्यंत खा' असं लिहावं लागतं, ते वाचावं तरी. सुका मेवा घेतला. सोनपापडीचा प्रस्ताव आला होता. त्याबद्दल इथे काही बोलत नाही.

आता नावं. इतकी वर्षं मी सगळ्याजणींना 'मावशी' म्हणते. कॉफीच्या कपाचा डाग पुसणाऱ्या मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी. चिठ्ठीवर 'मावशींना' लिहिणार, तर कुठल्या? म्हणून गेटवरचं रजिस्टर मागवलं. नाव, कंत्राटदार, वय. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं वय ३८. माझं ४६ आहे. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. आठ वर्षांनी लहान बाईला मी सहा वर्षं मावशी म्हणतेय, आणि तीही "हो ताई" म्हणतेय. म्हणजे तिचं बरोबर होतं, माझंच चुकत होतं. वयावरून नव्हे तर हातातल्या फडक्यावरून आम्ही नातं ठरवलं होतं. चिठ्ठीवर तिचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

मजकुराला मी एकच कसोटी लावली. ही चिठ्ठी घरी तिची मुलगी मोठ्याने वाचणार. मुलगी नववीत आहे, हे मला माहीत होतं. 'अथक परिश्रम' वाचून त्या मुलीला आपली आई बिचारी वाटली, तर चिठ्ठी फसली. आई कामात हुशार आहे असं वाटलं, तर जमली. मग विशेषणं आपोआप गळाली आणि एक प्रसंग उरला. तिच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं:

"जुलैत सोमवारी सकाळी सर्व्हर रूमच्या खिडकीतून पाणी आत येत होतं, ते सगळ्यात आधी तुम्ही पाहिलंत. वायरी उचलून खुर्चीवर ठेवल्यात आणि मगच आम्हाला फोन केलात. त्या दिवशीचा पगार आमचा वेळेवर झाला तो त्यामुळे. हे खोकं तुमचं आहे. शुभ दीपावली."

खाली माझं नाव, हुद्दा आणि तारीख. 'हे खोकं तुमचं आहे' ही ओळ गेटसाठी होती. आणि गेटवरच्या तिघांच्या चिठ्ठ्याही मीच लिहिल्या होत्या, त्यामुळे अक्षर त्यांना ओळखू येणार होतं. सगळ्यांसाठी असे प्रसंग आठवले नाहीत, हे कबूल करते. पँट्रीतल्या धाकट्यासाठी अर्धा तास घालवला आणि शेवटी आलं घातलेल्या चहाबद्दलच लिहिलं. रात्रपाळीच्या गार्डसाठी हिंदीत लिहावं लागलं. त्याच्याबद्दल काहीच आठवेना, तेव्हा त्याच्याच जोडीदाराला विचारलं.

द्यायचं कसं, हा शेवटचा घोळ. आमची खोकी सकाळी टेबलावर आयती येऊन बसतात. त्यांना टेबल नाही. म्हणून दरवर्षी त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावतात, ओळीने उभं करतात, साहेब खोकं पुढे करतात, ती दोन्ही हातांनी धरते, फोटो. या वेळी जिन्याखालच्या खोलीत, जिथे त्या साडीवर एप्रन चढवतात, तिथल्या फळीवर नावानिशी खोकी ठेवून आले. सकाळी सातला, कोणी यायच्या आत.

दहाच्या सुमाराला ती माझ्या टेबलापाशी आली. चिठ्ठी चार घड्या घालून बॅजच्या प्लास्टिकमध्ये सरकवलेली.

"वाचली," ती म्हणाली. "पण सोमवार नव्हता. मंगळवार होता. सोमवारी माझी सुट्टी होती."

मी ओशाळून पेन काढलं. "आणा इकडे, दुरुस्त करून देते."

"राहू द्या," ती म्हणाली. "गेटवर दाखवायचीय. खाडाखोड नको."