फोटो आहे, मग नाव का नाही?

"मॅडम, गॅदरिंगला आमच्या मुलीला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं. फोटोही किती छान आलाय! मग खाली तिचं नाव का नाही टाकलं? आम्ही तर फॉर्मवर सही दिली होती."

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. दर जानेवारीत कालिदास कलामंदिरातून गॅदरिंग आटोपून आलो की हा प्रश्न मला चार-पाच पालक तरी विचारतात, आणि त्यामागचं वाईट वाटणं मला कळतं.

काही वर्षांपूर्वी मी नाशिकमधल्याच दुसऱ्या एका शाळेत होते. तिथे आम्ही बक्षीस समारंभाचे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर टाकायचो आणि प्रत्येकाखाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी लिहायचो. सातवीतल्या एका मुलीचा फोटो असाच टाकला. तिची आई नवऱ्यापासून वेगळी झाली होती, दुसऱ्या जिल्ह्यातून मुलीला घेऊन इथे आली होती आणि मुलीच्या ताब्याचा दावा कोर्टात चालू होता. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आठवडाभरात वडील शाळा सुटायच्या वेळी गेटवर येऊन उभे राहिले. त्या दिवशी काही विपरीत घडलं नाही, पण ती मुलगी पुढे तीन आठवडे शाळेत आली नाही.

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे एकट्या मुलाचं नाव नसतं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शोधणाऱ्याला एवढं पुरतं. नुसता चेहरा पाहून मूल कोणतं हे अनोळखी माणसाला कळत नाही. नुसत्या नावावरून ते दिसतं कसं हे कळत नाही. दोन्ही एका जागी आले, अंगावर गणवेश असला आणि पान शाळेचं असलं, की मूल कोण, दिसतं कसं आणि दुपारी कुठे सापडेल, तिन्ही कळतं. म्हणून आमचा नियम असा: फोटो असेल तिथे नाव नाही, नाव असेल तिथे फोटो नाही. ब्रिटनमधल्या शाळा हा नियम बरीच वर्षं पाळत आल्या आहेत, आम्ही तो तिथूनच उचलला.

त्या मुलीच्या आईनेही संमती दिली होती, बरं का. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारा अटींमध्ये एक ओळ होती: "शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही." तिला वाटलं, फोटो शाळेच्या फलकावर लागतील. त्या ओळीत ना फेसबुक होतं, ना नाव. तशा सहीला मी आता संमती म्हणत नाही.

कायद्यात "फोटोखाली मुलाचं नाव छापू नका" असं सरसकट कुठेही लिहिलेलं नाही. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. मला त्यातलं एक तत्त्व फार उपयोगी वाटतं: संमती ठरावीक कारणासाठी असावी आणि त्या कारणाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. स्पर्धा झाली, मुलं छान बोलली, हे लोकांना सांगायला फोटो लागतो. नाव लागत नाही.

आमचा आताचा फॉर्म प्रवेश अर्जापासून वेगळा आहे. एकच पान, मराठीत, दर जूनला नव्याने भरायचं. वर्गातला आणि व्हरांड्यातला फलक, छापील वार्षिक अंक, शाळेचं संकेतस्थळ, फेसबुक, वर्तमानपत्र, प्रत्येकासमोर 'हो' आणि 'नाही'. नावाचा प्रश्न त्याखाली स्वतंत्र. रकाना कोरा राहिला तर तो आम्ही 'नाही' धरतो. 'नाही' लिहिल्याने मुलाचा नाचातला किंवा नाटकातला सहभाग जात नाही, हेही छापलेलं आहे. वर्षात कधीही मत बदललं तर कार्यालयात एक चिठ्ठी पुरते, दोन दिवसांत आम्ही आमच्या पानावरून फोटो काढतो. पण वाटून झालेला अंक आणि कुणीतरी उतरवून घेतलेला फोटो आम्हाला परत आणता येत नाही, हेही त्याच पानावर स्पष्ट लिहिलंय.

तुम्ही यंदा फेसबुकवरच्या फोटोला 'हो' म्हटलंत आणि नावाच्या प्रश्नात बक्षीस यादीसमोर खूण केलीत. फोटोखाली नाव हा पर्याय त्या फॉर्मवर नाहीच. तो आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही, आणि त्याचं कारण तुमच्या मुलीशी संबंधित नाही. आपल्या शाळेत बालगृहातून येणारी मुलं आहेत. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलांची ओळख उघड करणाऱ्या बातम्या आणि फोटोंवर बंदी घातली आहे, त्यात नाव, पत्ता, अगदी शाळासुद्धा येते. ती मुलं आम्ही बाहेर जाणाऱ्या फोटोत घेतच नाही. पण बाकी काही मुलं अशी आहेत, की ज्यांच्या घरी काय चाललंय ते आम्हालाही माहीत नसतं. दहा फोटोंपैकी आठांखाली नावं आणि दोन कोरे राहिले, तर लोक त्या दोघांबद्दलच विचारतात. कुणाचंच नाव नसलं की कुणाचं राहिलंय हे दिसत नाही.

नाव लिहिलं नाही म्हणून ते फोटोत नसतंच असंही नाही. बक्षीस घेताना मूल प्रमाणपत्र छातीशी धरून उभं राहतं आणि त्यावर ठळक अक्षरात पूर्ण नाव असतं, कधीकधी जन्मतारीखही. गळ्यातलं ओळखपत्र, मागच्या भिंतीवरचा नावासकट तक्ता, इतकंच काय, फोटोच्या फाइलला दिलेलं नाव, हे सगळं मी आधी बघते. फोटोवाल्या काकांना सांगून ठेवलंय, प्रमाणपत्र उलटं धरायला लावा किंवा हातात फक्त ढाल द्या. 'नाही' असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षिकेकडे असते. त्या मुलांना रांगेतून बाहेर काढत नाही. पूर्ण वर्गाचा एक फोटो वर्गासाठी निघतो आणि बाहेर द्यायचा फोटो दुसऱ्या, छोट्या गटाचा. पूर्वी 'नाही'वाल्यांना कडेला उभं करून नंतर फोटो कापायचे. मुलांना ते लगेच समजतं, म्हणून मी ते बंद केलं.

एवढं करूनही एखादे मामा खाली "अभिनंदन" लिहून भाचीचं पूर्ण नाव टाकतात, म्हणून आम्ही तिथल्या प्रतिक्रिया बंद ठेवतो. पालक स्वतःच्या मोबाईलवर जे काढतात त्यावर शाळेचा हक्क नाही. घरगुती वापराला तो २०२३ चा कायदाही लागू होत नाही. रंगमंचावरून आम्ही एवढीच विनंती करतो, की दुसऱ्याचं मूल दिसत असेल तर तो फोटो घरातच ठेवा.

तुमच्या मुलीचं पूर्ण नाव वार्षिक अंकात बक्षिसांच्या यादीत पहिलं आहे, मी स्वतः मुद्रितं तपासली आहेत. आणि फोटोची मोठी प्रत काढून कार्यालयात ठेवली आहे, मागच्या बाजूला तिचं नाव मी हाताने लिहिलंय. शनिवारी अकराच्या आत आलात तर घेऊन जाता येईल.