आमची वाटचाल: डब्यातला सव्वा अठ्ठावन्न टक्क्यांचा महिना

कर्वेनगरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी भागीदार, आम्ही दोघींनी 2014 साली डबे सुरू केले. तिची भाजी-आमटी, माझ्या पोळ्या आणि हिशेब. टाळेबंदीपर्यंतच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डबे वेळेवर गेले, वेळेवर परत आले. टाळेबंदीत विद्यार्थी गावी गेले, आम्ही सोसायट्यांतल्या ज्येष्ठांच्या डब्यांवर तग धरली. तेही जमलं.

2021 च्या डिसेंबरात माझी भागीदार वेगळी झाली. वेगळं होण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिने माझ्या हाताने लिहिलेली गिऱ्हाइकांची वही नेली, डबे पोचवणारा मुलगा नेला आणि पुढच्याच गल्लीत 65 रुपयांत डबा सुरू केला. आमचा तेव्हा 80 ला होता. वहीचं मला आजही वाईट वाटतं. त्या वहीत कोणाला लसूण चालत नाही, कोणाचा चतुर्थीचा उपास, सगळं आठ वर्षांचं होतं.

घाबरून मी जानेवारीत दर 70 वर आणला. फूड कॉस्टवर, म्हणजे विक्रीतले किती टक्के मालावर जातात त्यावर, त्याचा काय परिणाम होईल, हे तेव्हा मांडून बघितलंच नाही. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर या डब्याला तेव्हा 36 रुपयांचा माल लागायचा असं धरा. 80 च्या दराला तो 45 टक्के होतो. 70 ला तोच माल साडेएक्कावन्नच्या आसपास जातो. स्वयंपाकघरात एक दाणा वाया न जाता साडेसहा टक्के वाढले, आणि ते मी स्वतः वाढवले होते.

तरी मार्च 2022 चा हिशेब बघून मी खूश होते. किराणा, भाजी, दूध धरून महिन्याची बिलं 1,20,000 रुपयांची होती आणि जमा 3,20,000. भागाकार केला, साडेसदतीस टक्के! वाटलं, आपण 70 मध्येही तरलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भुसारवाल्याने उधारी थांबवली आणि पोळ्यांच्या मावशींचा पगार आठ दिवस लांबला. साडेसदतीस टक्के असताना पैसे गेले कुठे, हे मला कळेना.

कळलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे. पहिल्या महिन्यापासून त्यांचा डबा आमच्याकडे. नोकरीत असताना ते एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. 65 चा डबा त्यांनाही विचारून गेला होता, ते हलले नाहीत. हिशेबाची वही बघून त्यांनी एकच विचारलं, "अहो, 1 तारखेला कोठीत काय होतं आणि 31 ला काय उरलं?"

मी ते कधी मोजलंच नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा सूर्यफूल तेल मिळणार नाही या भीतीने मी मार्केट यार्डातून तेलाचे डबे, तूरडाळ आणि तांदूळ उचलून ठेवले होते. बिलं काढून मागे मागे जात काकांनी 1 मार्चची शिल्लक 58,000 ची मांडली. एप्रिलच्या सुरुवातीला कोठीत 19,000 चा माल होता. म्हणजे खरा खप सुरुवातीची शिल्लक 58,000, अधिक खरेदी 1,20,000, वजा शेवटची शिल्लक 19,000, असा 1,59,000 रुपये. बिलं कमी दिसली कारण मी कोठी खात होते.

जमेतही तीच गफलत. 3,20,000 मध्ये एप्रिलच्या महिनाभराच्या डब्यांच्या कार्डांचे आगाऊ पैसे होते, स्टीलच्या डब्यांची अनामत होती. ती विक्री नव्हे. ज्या दिवशी डबा दारातून बाहेर पडतो त्या दिवशी विक्री होते. रविवार आणि धुळवड सोडून 26 दिवस, खाडे वजा करून रोजचे सरासरी 150 डबे, 70 चा दर, म्हणजे 2,73,000. आता भागा. सव्वा अठ्ठावन्न टक्के. मी खुर्चीवर बसूनच राहिले.

दर उतरवल्यामुळे साडेएक्कावन्न होणारच होते. 3,900 डब्यांना 36 रुपयांनी 1,40,400 चा माल लागायला हवा होता, लागला 1,59,000 चा. मधले 18,600 आम्ही एकेक करून शोधले. कामावरची सात माणसं आमच्याकडे जेवतात, त्यांचे साडेसहा हजार निघाले. ते वाया गेले नव्हते, फक्त कुठे लिहिलेले नव्हते. "असू देत" म्हणून रोज दहा डब्यांचा स्वयंपाक जास्त व्हायचा, त्याचे नऊ हजारांवर. उरलेले अडीच-पावणेतीन हजार भाजीच्या वजनात. भाजीवाला 20 किलोची गोणी लिहायचा, आम्ही ती काट्यावर कधी ठेवलीच नव्हती. ठेवली तेव्हा साडेअठरा भरली.

तेव्हापासून काटा दारातच असतो. आणि तेलाची पट्टी. 15 किलोच्या रिकाम्या डब्यात एकेक किलो तेल ओतत काकांनी लाकडी पट्टीवर ब्लेडने खुणा केल्या. उघडा डबा मोजायचा तर पट्टी उभी बुडवायची, तेल लागलं तिथली खूण वाचायची. पट्टी आता काळी झाली आहे, खुणा बोटाला लागतात. महिन्याच्या शेवटच्या रात्री, संध्याकाळचे डबे गेल्यावर आणि सकाळची भाजी यायच्या आत, तांदूळ, कणीक, डाळी, तेल, मसाले मोजायचे आणि शेवटच्या खरेदीच्या भावाने लावायचे. दीड तास लागतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी विचारलेलं नाही तरी सांगते. बिल माल आला त्या तारखेला लिहा, पैसे दिले त्या तारखेला नाही, नाहीतर उधारीचा महिना स्वस्त दिसतो. गॅस आणि फॉइल यात घालू नका, त्यांचा रकाना वेगळा ठेवा. आणि रोजच्या रोज टक्के काढू नका. तांदळाची गोणी आली त्या दिवशी नव्वद येतील, दुसऱ्या दिवशी वीस, दोन्ही खोटे. आठवड्याला काढायचे तर निदान तेल, तूरडाळ, तांदूळ आणि कणीक एवढं तरी मोजा.

मे महिन्यापासून दर परत 80 केला. गिऱ्हाइकं गेली, त्यातली बरीच तिच्याकडेच गेली. जुलैत रोजचे 120 डबे, 26 दिवस, विक्री 2,49,600. राखीव डबे दहावरून तीनवर आणले होते. मोजून काढलेला खप 1,21,700, म्हणजे पावणेएकोणपन्नास टक्के, माणसांचं जेवण धरून. मार्चमध्ये 150 डबे करून माल वजा जाता हातात 1,14,000 राहिले होते, जुलैत 120 करून 1,27,900. गॅस, पगार, भाडं अजून त्यातूनच जायचं होतं, पण मावशींचा पगार 1 तारखेला दिला.

काका आता वर येणाऱ्या मुलाकडे चिठ्ठी देतात. महिन्याच्या 1 तारखेला रिकाम्या डब्यात ती येते. तिच्यावर फक्त "किती?" लिहिलेलं असतं. मी दुपारच्या डब्यात आकडा पाठवते.