११६० की ११८०? स्क्रीन शेअरिंगमधला माझा अनुभव

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मी लोखंडी जिन्यांची आणि रेलिंगची ड्रॉइंग करते. काम बनवणाऱ्या काकांचं वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत आहे. पूर्वी प्रिंट घेऊन मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जायचे, आता बरंचसं बोलणं स्क्रीन शेअर करूनच होतं.

त्या दिवशी वेबेक्सवरच्या मीटिंगमध्ये घरमालकही होते. त्यांच्यासाठी आधी जिन्याचा थ्रीडी व्हिडिओ लावला, आणि तो अडखळू नये म्हणून शेअर करताना `Optimize for motion and video` निवडलं. व्हिडिओ छान चालला. मग शेअरिंग न थांबवता मी त्याच स्क्रीनवर ऑटोकॅड उघडलं आणि काकांना मापं सांगू लागले. माझी सवय अशी की प्रत्येक माप त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचं. लँडिंगच्या रुंदीला काका म्हणाले, "अकराशे ऐंशी, बरोबर ना मॅडम?" ड्रॉइंगमध्ये ११६० होतं. वीस मिलिमीटर जास्त म्हणजे लँडिंगची फ्रेम दोन भिंतींच्या मध्ये बसलीच नसती.

"काका, सहा दिसतोय की आठ?"

"मॅडम, इथे सगळंच पुसट आहे."

माझ्या स्क्रीनवर तर आकडा स्वच्छ होता. म्हणून मी माझा फोन मोबाइल डेटावर घेऊन त्याच मीटिंगमध्ये पाहुणा म्हणून जोडला, आणि काकांना काय दिसतंय ते मला पहिल्यांदा दिसलं. सहाचं पोट आणि डोकं एक झालं होतं.

कारण सरळ आहे. नेट जेवढं देतं तेवढ्यातच चित्र पाठवायचं असतं. मोशन निवडलं की सॉफ्टवेअर फ्रेमचा वेग सांभाळतं आणि नेट कमी पडलं की चित्राचा बारकावा सोडतं. टेक्स्ट, म्हणजेच डिटेल, निवडलं की उलट: बारकावा राखतं, फ्रेम कमी करतं. माझी स्क्रीन १९२० × १०८० ची, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. ती १२८० × ७२० वर उतरली तर ९.२ लाखच उरतात. दहा पिक्सेल उंचीचा आकडा साडेसहा-सातवर येतो, ६४० × ३६० वर तर जेमतेम तीनवर. तीन पिक्सेलमध्ये सहा आणि आठ वेगळे काढताच येत नाहीत.

मी शेअरिंग थांबवलं, पुन्हा सुरू करताना `Optimize for text and images` निवडलं, आणि पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त ऑटोकॅडची खिडकी दिली. काळे-पांढरे आकडे लगेच स्पष्ट झाले. पण काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल आणि निळ्या बारीक रेषा अजूनही फिसकटलेल्याच होत्या. यावर मी बरीच डोकेफोड केली. व्हिडिओच्या रूपात चित्र पाठवताना उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, रंगाची मात्र सहसा चार पिक्सेल मिळून एकदाच. एका पिक्सेलची लाल रेषा काळ्यावर असली की तिची ओळख मुख्यतः रंगातच असते, आणि तोच वाटेत पातळ होतो. मेनूतला कोणताही पर्याय हे हमखास भरून काढत नाही. आता मी ड्रॉइंग `monochrome.ctb` लावून पीडीएफ करते आणि पांढऱ्यावर काळ्या रेषांचं ते पानच दाखवते. फरक फोनवरसुद्धा कळतो.

डिटेलचीही एक अट असते. ड्रॉइंग सरकवलं की समोरच्याला ते धक्क्याधक्क्याने दिसतं आणि थांबल्यावर क्षणभराने स्थिर, स्वच्छ होतं. म्हणून मी जिथे माप सांगायचं तिथे आधी झूम करते, माउस सोडते, दोन सेकंद थांबते आणि मगच बोलते. सळयांच्या वजनाची एक्सेल शीट दाखवतानाही तेच: झूम १४० टक्के, नको ते कॉलम लपवलेले, आणि एकसारखं स्क्रोल करणं बंद.

आणि व्हिडिओ? तो डिटेलमध्ये लावून पाहिला. सेकंदाला मोजक्याच फ्रेम पोचत होत्या, जिन्यावरून चढणारा कॅमेरा पायरीपायरीवर उडी मारत होता. त्यामुळे व्हिडिओपुरतं मोशन ठेवते, तो संपला की शेअरिंग थांबवते आणि ड्रॉइंगसाठी नव्याने सुरू करते. झूमवर हेच काम `Optimize for video clip` ही खूण करते. व्हिडिओ संपल्यावर ती काढायची असते.

लँडिंगचं माप काकांनी त्याच मीटिंगमध्ये वहीत ११६० असं दुरुस्त केलं, आणि पीडीएफही मी त्यांना लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली, फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून.